सात वर्षांच्या खंडानंतरचा अर्ज

नेवासा फाट्यावरच्या एखाद्या कार्यालयाने 'कार्यालयीन सहाय्यक पाहिजे' अशी जाहिरात दिली, की आठवडाभरात टेबलावर अर्जांचा गठ्ठा साचतो. तो वाचणारा माणूस भरतीतला तज्ज्ञ वगैरे नसतो. तो व्यवस्थापक असतो, कार्यालय अधीक्षक असतो, नाहीतर संचालकांपैकी कोणीतरी, आणि संध्याकाळच्या आत गठ्ठा उपसून त्याला दुसऱ्या कामाला लागायचे असते. तो पाने उलटत तारखांवरून नजर फिरवतो. मध्ये सात वर्षे कोरी दिसली की त्याचा हात थांबतो. मनात येतात ते तीन प्रश्न. ही बाई इतकी वर्षे कुठे होती? आत्ताचे काम तिला येते का? आणि घरी पुन्हा काही झाले, तर चार महिन्यांत सोडून जाईल का?

बायोडाट्यात या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, कारण बायोडाटा म्हणजे नुसते रकाने. उत्तरे द्यायची ती वर लावलेल्या एका पानाच्या पत्रात. टाटा समूहाने २००८ साली नोकरीत खंड पडलेल्या स्त्रियांसाठी वेगळी योजना काढली, आणि लिंक्डइनने २०२२ मध्ये अशा खंडाची नोंद करायला स्वतंत्र जागा दिली. नेवाशातल्या चार ओळींच्या जाहिरातीत ती सोय नसते, तेव्हा हा रकाना अर्जदाराने स्वतःच आखायचा.

आधी एक गोष्ट तपासून घ्यावी. नगरपंचायत, तहसील किंवा जिल्हा परिषदेची भरती असेल तर हे पत्र लिहीत बसू नये. तिथे ठरलेला अर्ज भरायचा आणि परीक्षा द्यायची असते, पत्राला जागाच नसते. शिवाय वयाची अट आडवी येते: राज्य शासनाच्या भरतीत ती साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३ वर्षे आहे, आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणात गेलेली वर्षे त्यातून कोणी वजा करून देत नाही. पत्र उपयोगी पडते ते खासगी आणि सहकारी ठिकाणी: पतसंस्था, विनाअनुदानित शाळा, रुग्णालये, शेतकरी उत्पादक कंपन्या, साखर कारखान्यांच्या भोवती वाढलेल्या संस्था. सोनई, भेंडा, कुकाणा, घोडेगाव, नेवासा फाटा या पट्ट्यात कार्यालयीन कामाच्या जागा निघतात त्या बहुतेक अशाच.

समोर एक उदाहरण ठेवू. बाई मी मनाने रचली आहे, पण तिच्यासारख्या तालुक्यात गावोगाव सापडतील. ती बी.कॉम. आहे. जून २०११ ते जून २०१७ अशी सहा वर्षे नेवाशाहून एसटीने जाऊन-येऊन तिने श्रीरामपूरच्या एका खते-बियाण्यांच्या एजन्सीत लिपिकाचे काम केले. मे २०१७ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. महिनाभर रजा पुरली, मग नोकरी सुटली. डिसेंबर २०२४ पर्यंत ती घरी होती. आता नेवासा फाट्यावरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत 'कार्यालयीन सहाय्यक (प्रशासन)' अशी जागा निघाली आहे. जाहिरातीत कामे दिली आहेत ती मराठी पत्रव्यवहार, खरेदी-विक्रीची बिले आणि सभासदांच्या नोंदी. पात्रता पदवी, एमएस-सीआयटी, मराठी टंकलेखन ३०, आणि 'टॅली येणाऱ्यास प्राधान्य'.

पहिले काम: तारखा आणि कागद

पत्राचा एक शब्दही लिहिण्यापूर्वी कोऱ्या कागदावर चार तारखा लिहाव्यात. नोकरीला लागल्याची, सोडल्याची, घरची जबाबदारी हलकी झाल्याची, आणि त्यानंतर काही शिकले असल्यास त्याची. महिना आणि वर्ष दोन्ही लिहावीत. '२०११ ते २०१७' एवढेच लिहिले तर ती पाच वर्षेही असू शकतात आणि सातही, आणि वाचणारा नेहमी कमीच धरतो. या तारखा पत्रात, बायोडाट्यात आणि अनुभवाच्या दाखल्यात तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अर्ज बाजूला पडायला एका महिन्याचा फरकही पुरतो, कारण वाचणाऱ्याला त्यात चूक दिसत नाही, लपवाछपवी दिसते.

जुना मालक अनुभवाचा दाखला द्यायला तयार नसेल, किंवा एजन्सीच बंद पडली असेल, तर दुसरा पुरावा शोधावा. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन क्रमांकाने उघडणाऱ्या खात्यात नोकरीचा काळ नोंदलेला असतो. त्याची छापील प्रत दाखल्याइतकीच बोलकी असते. मात्र वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानाला हा निधी बंधनकारक नसतो, त्यामुळे छोट्या एजन्सीतल्या बाईकडे यूएएन नसणे साहजिक आहे. अशा वेळी नियुक्तिपत्र, किंवा पगार जमा झाल्याच्या नोंदी दिसतील अशी बँक पासबुकाची पहिली आणि शेवटची पाने चालतात.

दोन गोष्टी बायकांच्या अर्जात हमखास अडतात. पदवीवर माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. त्याबद्दल पत्रात लांब खुलासा नको, 'सोबत' या मथळ्याखाली विवाह नोंदणीचा दाखला जोडला आणि कंसात 'प्रमाणपत्रांवर विवाहपूर्व नाव' असे लिहिले की झाले. दुसरी गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. जुन्या कागदांवर अहमदनगर आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर आहे. पत्रातल्या पत्त्यात आजचे नाव लिहावे. जुनी प्रमाणपत्रे आहेत तशी जोडावीत, त्यावर पेनाने काही दुरुस्त करू नये.

दुसरे काम: आपले काम किती जुने झाले ते मोजणे

हा भाग बहुतेक जणी गाळतात, आणि पत्र फसते ते इथेच. आपल्या उदाहरणातल्या बाईने जून २०१७ मध्ये नोकरी सोडली. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला. म्हणजे तिने आयुष्यात जीएसटीचे एकही बिल केलेले नाही. तिच्या हाताला वळण आहे ते व्हॅटचे. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, मालवाहतुकीला ई-वे बिल आले. अनुदानित खतांची विक्री ई-पॉस यंत्रावर आधार पडताळून करायची पद्धतही २०१८पर्यंत देशभर लागू झाली. २०२० च्या अखेरीस टॅली.ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आले आणि ओळखीचा पडदाच बदलला. 'टॅली व लेखांकनाचा सहा वर्षांचा अनुभव' असे तिने लिहिले, तर शब्दशः ते खरेच आहे, पण तारखा वाचणाऱ्या माणसाला लगेच कळते की हा अनुभव जीएसटीच्या आदल्या दिवशी संपला.

म्हणून आपण सोडले तेव्हा आणि आज त्या टेबलावर काय काय बदलले, याची यादी करावी. जुन्या सहकाऱ्याला किंवा त्याच व्यवसायातल्या ओळखीच्या दुकानदाराला तासभर विचारले तरी ती मिळते. मग त्यातले अर्ज करायच्या जागेला लागणारे निवडून तेवढेच शिकून घ्यावे. वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम आले असे नव्हे. आले की नाही हे ओळखायची सोपी चाचणी अशी: जिल्ह्यातल्या ग्राहकाचे एक बिल आणि कर्नाटकातल्या ग्राहकाचे एक बिल, पुस्तक न उघडता करून पाहावे. पहिल्यात कर केंद्र आणि राज्य असा अर्धा-अर्धा विभागला जातो, दुसऱ्यात एकच आयजीएसटी लागतो. मग पहिल्या ग्राहकाने चार पोती परत केली असे धरून क्रेडिट नोट काढावी. हे अडखळत का होईना स्वतः जमले, तर 'येते' असे लिहायला हरकत नाही. वर्गातल्या सरांनी सांगितल्याशिवाय पुढचे बटण सापडत नसेल, तर अजून पंधरा दिवस थांबावे, आणि शक्य असेल तर ओळखीच्या एखाद्या दुकानाची दोन-तीन महिन्यांची खरी बिले भरून द्यावीत. फुकट भरून दिली तरी चालतील. अर्जात त्या एका ओळीचे वजन प्रमाणपत्रापेक्षा जास्त पडते.

टंकलेखनाचेही असेच आहे. प्रमाणपत्र ३० शब्दांचे असते, पण बोटे सात वर्षांत गंजलेली असतात. दहा मिनिटांचा उतारा लावून वेग मोजावा, चुका वजा कराव्यात. २२ आला तर पत्रात २२ लिहू नये आणि ३० तर मुळीच लिहू नये. रोज अर्धा तास बसून तो ३० वर न्यावा आणि मग अर्ज करावा, कारण मुलाखतीच्या दिवशी 'हे पत्र टाइप करून दाखवा' असे सांगण्याची पद्धत आहे. प्रमाणपत्र जुन्या टंकलेखन यंत्रावरचे असेल, तर संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करायची सवय करून घ्यावी. पुष्कळ कार्यालयांत एक संगणक जुन्या फॉन्टवर आणि एक युनिकोडवर अशी स्थिती अजून आहे. दोन्ही येणारी बाई तिथे हवीच असते.

तिसरे काम: खंडाचे वाक्य

आता लिहायला बसायचे, पण पत्राच्या पहिल्या ओळीपासून नव्हे. सर्वांत अवघड वाक्य आधी लिहून घ्यावे. साधारणपणे ते असे लिहिले जाते: 'काही अपरिहार्य कौटुंबिक अडचणींमुळे मला नोकरी सोडून घरी बसावे लागले. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.'

या वाक्यात तीन दोष आहेत. 'अपरिहार्य कौटुंबिक अडचणी' म्हणजे काय, हे वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि आपल्या गावात ही जागा चांगल्या कल्पनेने भरली जात नाही. भांडण असेल, कोर्टकचेरी असेल, जुन्या ठिकाणी काही घोळ असेल असे त्याला वाटते. 'घरी बसावे लागले' हे तर धडधडीत खोटे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात कोणी बसलेले नसते. आणि सहानुभूतीची विनंती केली, की कामाच्या अर्जाचा मदतीचा अर्ज होतो. त्याच्यापुढे अर्ज घेऊन चाळीस जण उभे आहेत, सहानुभूती तो किती जणांना वाटणार?

काही जणी याच्या उलट टोकाला जातात. झटका कसा आला, नगरला कोणत्या दवाखान्यात नेले, अतिदक्षता विभागात किती दिवस होते, फिजिओथेरपी, बेडसोअर, सगळे येते. हे लिहिताना मन हलके होते, समजू शकतो, पण ते सासूबाईंचे खासगी दुखणे आहे आणि कार्यालयाच्या फायलीत कायमचे लागणार आहे. त्यांची परवानगी न घेता एवढे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिसरा प्रकार अलीकडे शहराकडून आला: 'या काळात माझ्यात व्यवस्थापन, संयम व नेतृत्वगुण विकसित झाले.' हे वाचून व्यवस्थापक हसतो आणि पुढचा अर्ज घेतो.

योग्य वाक्यात चार गोष्टी पुरतात: केव्हापासून, कोणासाठी, केव्हापर्यंत, आणि आज काय स्थिती आहे. 'मे २०१७ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांच्या देखभालीसाठी मी नोकरी सोडली व डिसेंबर २०२४ पर्यंत घरी होते. आता त्या वॉकर धरून स्वतः चालतात.' आजाराचे नाव घ्यायचे नसेल तर 'दीर्घ आजार' म्हणावे, पण कोणाचा ते सांगावे. माणूस गेले असेल तर 'जानेवारीत त्यांचे निधन झाले' एवढे पुरे. त्यापुढे दुःखाचे शब्द नकोत. मूल लहान होते म्हणून थांबली असेल तर मूल आता कितवीत आहे ते लिहावे, कारण 'तिसरीत आहे, शाळा दहा ते पाच' यात वाचणाऱ्याला हवे ते उत्तर असते.

लगेच पुढचे वाक्य तिसऱ्या प्रश्नाचे. घरी पुन्हा काही झाले तर? याला 'तशी वेळ येणार नाही' हे उत्तर नाही, कोणालाच तशी हमी देता येत नाही. व्यवस्था सांगावी: 'दिवसभरासाठी देखभालीस बाई ठेवली आहे व धाकटे दीर-जाऊ सोबत राहतात.' ही व्यवस्था प्रत्यक्षात असली पाहिजे. नोकरी लागली की बघू, असे घरात चालले असेल तर आधी घरात बोलून घ्यावे. पत्रात लिहिलेली व्यवस्था पहिल्या पंधरवड्यात कोलमडलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतर त्या कार्यालयाने दुसऱ्या कोणत्याही खंड पडलेल्या बाईला बोलावले नाही.

चौथे काम: घरच्या वर्षांतला एकच दाखला

आजारपणात खरे कार्यालयीन कामही होते, पण ते ओळखून उचलावे लागते. स्वयंपाक, औषधे, रात्रीची जागरणे यांचा प्रशासकीय पदाशी संबंध नाही, कितीही कष्टाची असली तरी. कागदांचा आहे. सासरे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि अंगठा नीट न उमटणाऱ्या, बँकेत नेता न येणाऱ्या माणसाचा तो देणे म्हणजे एक प्रकरणच असते. विम्याचा दावा म्हणजे आणखी एक: दाव्याच्या अर्जाचा एक भाग आपण भरायचा, दुसरा दवाखान्याकडून भरून घ्यायचा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावायच्या, सगळ्याच्या झेरॉक्स आपल्याकडे ठेवायच्या, आणि कंपनीने जादा कागद मागितले की मुदतीत पाठवायचे. सात वर्षांत तिने असे तीन दावे केले, तिन्ही मंजूर झाले. हे आवक-जावक आणि पाठपुराव्याचेच काम आहे, फक्त टेबल स्वयंपाकघराच्या शेजारी होते.

पत्रात याला दोन वाक्ये द्यावीत, त्याहून जास्त नाही. आकडा आणि निष्पत्ती सांगावी, विशेषणे गाळावीत. तसे कागदी काम घडलेच नसेल, तर हा परिच्छेद सरळ सोडून द्यावा. ओढूनताणून आणलेला दाखला लगेच ओळखू येतो.

पाचवे काम: पत्र जुळवणे

आता सुटे तुकडे एका पानावर लावायचे. क्रमाला महत्त्व आहे: आधी त्यांचे काम, मग खंड, मग ताजे शिक्षण, मग घरचा दाखला, शेवटी रुजू होण्याची तारीख. खंडाने सुरुवात केली तर सगळे पत्र खंडाबद्दलच वाचले जाते.

दिनांक : १६ जुलै २०२५

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
(कंपनीचे नाव), नेवासा फाटा,
ता. नेवासा, जि. अहिल्यानगर

विषय : कार्यालयीन सहाय्यक (प्रशासन) पदासाठी अर्ज
संदर्भ : दि. १३ जुलै २०२५ रोजीची आपली जाहिरात

महोदय,

आपल्या जाहिरातीत मराठी पत्रव्यवहार, खरेदी-विक्रीची बिले व सभासदांच्या नोंदी ही कामे दिली आहेत. यांपैकी पहिली दोन मी श्रीरामपूर येथील खते-बियाण्यांच्या एजन्सीत जून २०११ ते जून २०१७ या काळात केली. रोजची बिले, साठा नोंदवही, आवक-जावक आणि हंगामात उधारीवर माल नेणाऱ्या सुमारे चारशे शेतकऱ्यांची खाती माझ्याकडे होती. सभासद नोंदवहीचे काम मी केलेले नाही. खातेवहीच्या अनुभवावरून ते शिकून घेईन.

मे २०१७ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांच्या देखभालीसाठी मी नोकरी सोडली व डिसेंबर २०२४ पर्यंत घरी होते. आता त्या वॉकर धरून स्वतः चालतात. दिवसभरासाठी देखभालीस बाई ठेवली आहे व धाकटे दीर-जाऊ सोबत राहतात, त्यामुळे पूर्ण वेळ कामासाठी मी मोकळी आहे.

मी नोकरी सोडली त्यानंतर जीएसटी लागू झाला. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये मी टॅलीप्राइम व जीएसटीचा वर्ग पूर्ण केला आणि नेवासा येथील एका किराणा दुकानाची एप्रिल ते जूनची बिले टॅलीप्राइममध्ये भरली. ई-वे बिल सरावात केले आहे, प्रत्यक्ष व्यवहारात अद्याप नाही. मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने करते.

घरी असताना सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा व आरोग्य विम्याचा सर्व पत्रव्यवहार मी सांभाळला. विम्याच्या तीन दाव्यांच्या फायली मी तयार केल्या व तिन्ही मंजूर झाले.

निवड झाल्यास आठ दिवसांत रुजू होऊ शकेन. मुलाखतीस आपण सांगाल त्या दिवशी मूळ कागदपत्रांसह येईन.

आपली विश्वासू,
(सही)
(नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक)

सोबत : बायोडाटा, पदवी, एमएस-सीआयटी व टंकलेखन प्रमाणपत्रांच्या प्रती, अनुभवाचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला (प्रमाणपत्रांवर विवाहपूर्व नाव)

सगळे एका पानात बसते. दोन जागी तिने 'केलेले नाही' असे लिहिले आहे, ते वाचून घरचे नक्की म्हणतील की हे कशाला सांगायचे. मला ती पत्रातली सर्वांत कामाची वाक्ये वाटतात. ई-वे बिल प्रत्यक्षात केले नाही असे जी सांगते, तिची बाकीची वाक्येही वाचणारा खरी मानतो. मात्र 'नाही' दोनदाच, आणि तेही शिकता येण्यासारख्या गोष्टीबद्दल. जाहिरातीतली मुख्य अटच पुरी होत नसेल तर पत्राने ती भरून निघत नाही.

चारशे खात्यांचा आकडा मुलाखतीत विचारला जाईल. हंगामात गावे किती, गावामागे गिऱ्हाइके किती असा हिशोब तिला तोंडी सांगता आला पाहिजे. नसेल येत तर आकडा काढून टाकावा.

सहावे काम: पोहोचवणे

हाताने द्यायचे असेल तर दोन प्रती न्याव्यात. एक त्यांच्याकडे, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती घरी. छोट्या कार्यालयात शिक्का नसतो. मग ज्याने घेतले त्याची सही आणि तारीख. याला कोणी नाराज होत नाही, उलट प्रशासनाच्या जागेसाठी आलेली बाई पोच मागते हे बरे दिसते.

ईमेलने पाठवायचे असेल तर वर्डची फाइल पाठवू नये. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्र समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ करावी, ती आधी स्वतःच्या मोबाईलवर उघडून पाहावी, आणि फाइलला `arj final new 2.pdf` असले नाव न देता `Arj_Karyalayin_Sahayyak_Adnav.pdf` असे, शेवटी आपले आडनाव घालून, द्यावे. सगळी प्रमाणपत्रे वेगवेगळे फोटो म्हणून न पाठवता एकाच पीडीएफमध्ये, 'सोबत'च्या यादीतल्या क्रमाने लावावीत. जाहिरातीत व्हॉट्सअॅप क्रमांक दिला असेल तर तिथेही हीच पीडीएफ जावी, आणि बरोबर एक ओळ: नाव, पद, जाहिरातीची तारीख. 'गुड मॉर्निंग'चे फूल नको, आणि त्या दिवशी आपला डीपीही जरा बघून घ्यावा.

मुदत संपल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा फोन करावा, दुपारच्या जेवणानंतर, आवक क्रमांक हाताशी ठेवून. 'माझे काय झाले' असे न विचारता 'मुलाखती कधी ठेवल्या आहेत' असे विचारावे. निवड ओळखीवर आधीच ठरली असेल तर आवाजावरून कळते. तिथे पत्राचे काही चालत नाही. तेच पत्र पहिला परिच्छेद बदलून दुसरीकडे वापरावे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदाला हात लावायची गरज पडत नाही.

मुलाखतीला बोलावले तर घरच्या परिस्थितीचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, बहुधा अशा शब्दांत: 'सासूबाईंना पुन्हा काही झाले तर काय करणार, ताई?' तेव्हा पत्रातलीच वाक्ये त्याच क्रमाने सांगावीत, आणि एवढेच जोडावे की रजा लागली तर ती आदल्या दिवशी कळवीन आणि माझ्या टेबलावरचे काम कुठपर्यंत आले आहे याची चिठ्ठी ठेवून जाईन. मग थांबावे. पुढचा प्रश्न सहसा पगाराचा असतो.